अठरा जण, एक फोटो आणि खाली काय लिहायचं

ताई, आमच्या घरच्या ग्रुपवर फोटोखाली मजेशीर ओळी टाकायचं खातं माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात चुलत भावाच्या साखरपुड्याच्या ग्रुप फोटोखाली मी लिहिलं, ‘आमचं वजनदार खानदान, स्टेजचा विमा काढलाय ना?’ सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले आणि रात्री मोठ्या काकू, म्हणजे नवरदेवाची आई, ग्रुप सोडून गेल्या. आईने मला झाप झाप झापलं. आता रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. काकू आल्या होत्या पण माझ्याशी धड बोलल्या नाहीत. अठरा जणांचा फोटो आहे. आजी मधे खुर्चीत ताठ, तिच्या मांडीवर ताईचा छोटा लाडू खातोय, काकांचे डोळे मिटलेत, आत्या पदर सावरतेय, दादा फोनवर बोलतोय, होणारी वहिनी कोपऱ्यात, आणि टायमर लावून धावत आलेला मी अर्धाच आलोय. सगळे विचारतायत कॅप्शन कुठंय. काय लिहू? आणि काकूंना परत ॲड करू का?
– घरचा कॅप्शनवाला, नाशिक

अरे कॅप्शनवाल्या, आधी ते ‘वजनदार’ निस्तरू, ते कळलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. तू म्हणशील मी कुणाचं नाव कुठे घेतलं, अख्ख्या खानदानाला म्हटलं की, त्यात मी पण आलो. पण फोटोखालची ओळ वाचून माणूस काय करतो ते बघ ना, तो परत वर फोटोकडे जातो, दोन बोटांनी मोठा करतो आणि शोधायला लागतो की हे नक्की कुणाबद्दल चाललंय. ‘वजनदार’ वाचल्यावर नजर सगळ्यांवर सारखी वाटली जात नाही, ती एकाच माणसावर जाऊन थांबते, आणि ते कोण हे त्या माणसाला सगळ्यात आधी कळतं. मग खाली येणारा प्रत्येक हसरा इमोजी काकूंना आपल्यालाच हसल्यासारखा वाटणार, तू कितीही सर्वांना म्हटलेलं असू दे.

त्यात दिवस कुणाचा होता? त्यांच्या मुलाचा साखरपुडा. त्या दिवशी तो फोटो फक्त तुमच्या ग्रुपवर राहणार होता का? व्हॉट्सॲपवर फोटो फॉरवर्ड केला की खालची ओळ पण सोबत जाते, मुद्दाम काढून टाकली तरच जात नाही, आणि ते काढायचं बटण घरातल्या किती जणांना माहितीये ते तूच सांग. म्हणजे कुणीतरी हौसेने ‘फोटो छान आलाय’ म्हणून व्याह्यांना पाठवला असेल तर तुझा स्टेजचा विमा पण तिकडे पोचला. असंच झालं असं मी म्हणत नाही, पण नवरदेवाच्या आईच्या डोक्यात हा विचार आला नसेल असं तुला वाटतं का? तेव्हा आजीच्या फोटोखाली जे लिहिशील ते दुसऱ्या घरी गेलं तरी चालेल असंच लिही. आणि हो, सोहळ्यात आजीची तुला वगैरे केली असेल, साखरेची म्हणा गुळाची म्हणा, तरी त्यावरून एक अक्षर लिहू नकोस, या वर्षी तुझ्यासाठी वजन हा विषय बंद.

आता हा फोटो. खरं सांगू, तुझ्याकडे सोनं आहे, कारण अठरा जणांमधे कॅमेऱ्याकडे नीट बघणारी जवळजवळ एकटी आजी आहे आणि तिचंच कौतुक होतं. पण घाईत पहिली सुचलेली ओळ टाकू नकोस. मी अंदाज करते तुला पहिलं काय सुचलं असेल, ‘आजी 81 नॉट आऊट’. बरोबर ना? ही ओळ आजीने स्वतः पन्नाशीपासून ऐकली असेल, आणि ऐंशी पार माणसाला नॉट आऊट म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात आऊट पण येतंच. विकेट, इनिंग, शेवटची ओव्हर, हे सगळं क्रिकेट चाळिशीच्या मामापर्यंत ठीक आहे, त्याच्या पुढे नको.

दुसरं सुचलं असेल, ‘काका नेहमीप्रमाणे झोपेत’. इथे गडबड ‘झोपेत’मधे नाहीये, ‘नेहमीप्रमाणे’मधे आहे. काकांचे डोळे त्या सेकंदाला मिटले हे फोटोत दिसतंय, त्यावर काका पण हसतील. पण नेहमीप्रमाणे म्हटलंस की ते काकांच्या स्वभावावर गेलं, आणि मग काकूंना आठवणार की हे खरंच कधी कशात लक्ष घालत नाहीत, आणि तुझ्या एका शब्दावरून त्यांच्या घरी संध्याकाळी भलताच विषय निघणार. असे शब्द ओळखून ठेव, नेहमीप्रमाणे, अखेर, एकदाचा, चक्क. ‘दादा अखेर आला’, ‘आत्या चक्क वेळेवर’, हे वरून गोड दिसतं पण आत जुना हिशोब असतो आणि ज्याचा असतो त्याला तो बरोब्बर सापडतो. फोटोत जे घडतंय तेवढ्यावरच लिही, आत्या पदर सावरतेय, दादा फोनवर आहे, बास, त्याच्या मागे जाऊ नकोस.

आणि काका झोपले या ओळीत अजून एक भानगड आहे जी कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रुप उघडायच्या आधी चॅटच्या यादीत किंवा नोटिफिकेशनमधे लोकांना फोटो नीट दिसतच नाही, छोटंसं कॅमेऱ्याचं चिन्ह आणि पुढे तुझे पहिले काही शब्द, एवढंच दिसतं. आता पुण्याच्या मावशीने बसमधे फोन काढला आणि तिला दिसलं, ‘काका झोपले ते झोपलेच’. अरे तिची काय अवस्था होईल! वयस्कर माणसांच्या बाबतीत गेले, झोपले, निघाले, शेवटचा फोटो, हे शब्द सुरुवातीला कधीच नकोत. पहिले चारपाच शब्द फोटोशिवाय वाचून बघ, घाबरवणारे किंवा टोचणारे वाटले तर ओळ फिरव.

मग लिहायचं काय. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे काय तर हजार पौर्णिमा बघून झाल्या. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, त्याला हजारने गुणलं की ऐंशी वर्षं पूर्ण होऊन वर काही महिने होतात, म्हणून एक्क्याऐंशीच्या तोंडावर हा सोहळा करतात. आता हे एका बाजूला ठेव आणि दुसऱ्या बाजूला तुझा फोटो, ज्यात कुणाचे डोळे मिटलेत, कुणी फोनकडे, कुणी पदराकडे, कुणी लाडवाकडे बघतंय. ओळ आपोआप होते:

‘आजीने हजार चंद्र पाहिले. आम्हाला एक कॅमेरा बघता आला नाही.’

ही मी घेईन. कारण नजर कुठे जाते बघ, आधी आजीवर, ती ताठ बसलीये, जिंकली. मग बाकीच्यांवर, आणि इथे खरंच सगळ्यांवर जाते कारण प्रत्येकाची काही ना काही गडबड आहे, तू तर अर्धाच आहेस. एकटं कुणी सापडत नाही. आणि ज्याला तो सोहळा माहितीये त्यालाच ती पूर्ण कळेल, म्हणजे गुगलवरून उचललेली नाही, तुमच्याच घरची आहे. खाली दुसरं काही जोडू नकोस, इमोजीची माळ पण नको, दोन वाक्यं आहेत ती तशीच राहू दे.

लोक विचारतील दुसरा फोटो नव्हता का, तर त्याचंही उत्तर देऊन ठेवते. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी खरंच गणित मांडलं होतं की ग्रुप फोटोत कुणाचेच डोळे मिटलेले नकोत तर किती फोटो काढायला लागतात, आणि त्यांना 2006 साली इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. त्यांचा साधा हिशोब असा, वीसच्या आतली माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, उजेड कमी असेल तर दोनने. तुम्ही अठरा, म्हणजे अंगणात सहा, आणि हॉलच्या ट्यूबलाइटमधे नऊ. टायमर लावून तू नऊ वेळा धावला असतास का? नाही ना. मग काकांचा दोष नाही, गणिताचा आहे, आणि यावरून एक पुणेरी पाटी तयार होते जी तू खालच्या रिप्लायमधे टाकू शकतोस:

‘डोळे मिटलेल्यांनी दुसरा फोटो मागू नये. दुसऱ्यात दुसऱ्यांचे मिटले आहेत.’

पाटीचा फॉर्म घरच्या ग्रुपला फार सोयीचा पडतो, कारण पाटी कुणा एकाला बोलत नाही, ती भिंतीला लावलेली असते. ‘नये’, ‘येईल’, ‘जबाबदार नाही’ अशी कोरडी भाषा ठेवायची, एक पण हसरा शब्द घालायचा नाही, मग ती हसवते. ‘फोटो झूम करून पाहू नये, दिसेल त्यास आम्ही जबाबदार नाही’ ही पण चालेल. पण पाटीत हाहाहा किंवा ‘बरं का मंडळी’ घातलंस की ती मेली. आणि कुणाचं नाव घातलंस की ती पाटी राहिली नाही, नोटीस झाली.

तुला सगळ्यांना एकेकाने घ्यायचंच असेल, आणि ग्रुपवर तशी मागणी असते, आमचं काय लिहिलंस म्हणून, तर पेपरमधल्या फोटोखाली असतं तसं डावीकडून चालत जा. बघ असं:

‘सहस्रचंद्रदर्शन सोहळ्यास उपस्थित मान्यवर, डावीकडून: पदराशी चर्चा करताना आत्या, महत्त्वाच्या कॉलवर दादा, क्षणभर ध्यानस्थ काका, लाडवाचे उद्घाटन करताना चि. छोटू. मध्यभागी, एकमेव तयार असलेल्या सत्कारमूर्ती आजी. उजवीकडे उरलेला अर्धा: मी.’

यात मजा कशाची आहे तर भाषेच्या ऐटीची. माणसं साधी कामं करतायत आणि वर्णन मंत्र्याच्या दौऱ्यासारखं. काकांना झोपलेले न म्हणता ध्यानस्थ म्हटलं की तेच डोळे मिटलेले असतात पण काका वर जातात, खाली येत नाहीत. मोठ्या माणसांची मस्करी करताना हे एवढं सांभाळ, ओळीत त्यांची पायरी वर गेली पाहिजे, आणि खाली पडायला तू आहेसच. फक्त डावीकडून जाताना एक धोका आहे, ज्याचं नाव गाळलंस तो दुसऱ्या दिवशी फोन करतो. त्यामुळे एकतर अठराच्या अठरा घे, किंवा वर दिलंय तसं पाचसहांवर थांबून शेवटी ‘आणि इतर मान्यवर, जे नीट आल्यामुळे उल्लेखास पात्र नाहीत’ असं जोडून दे, म्हणजे गाळलेल्यांना उलट बरं वाटतं. आणि हे लांबलचक प्रकरण फोटोखाली टाकू नकोस, तिथे लांब झालं की व्हॉट्सॲप मधेच तोडतं आणि ‘आणखी वाचा’ वर जाऊन कोण वाचतो, निम्म्या लोकांना आपलं नाव दिसणारच नाही. फोटोखाली छोटी ओळ, आणि ही बातमी थोड्या वेळाने त्याच फोटोला रिप्लाय म्हणून.

होणाऱ्या वहिनीला मात्र यातून वगळ, म्हणजे नाव घेच, पण गंमत नको. साधं ‘आमच्या घरात स्वागत झालेल्या नव्या सदस्या’ वगैरे लिही. कोपऱ्यात उभी आहे म्हणून ‘अजून पळायची संधी आहे’ टाइपचे विनोद सगळ्यांना सुचतात आणि तिला ते चारपाच जणांकडून ऐकून झाले असतील. मुद्दा असा की आत्याची मस्करी केलीस तर आत्या त्याच ग्रुपवर तुझा दहावीचा फोटो काढून टाकेल, हिशोब फिटला. नवीन मुलगी उलट काय बोलणार, तिला फक्त हसायचा इमोजी टाकायला लागतो. जो उलटून उत्तर देऊ शकतो त्याच्याशीच हा खेळ खेळायचा. लग्नाला वर्ष होऊन जाऊ दे, ती स्वतःच तुझ्यावर एखादी ओळ टाकेल, त्या दिवसापासून मैदान खुलं.

अजून एक शब्द आहे जो कुणाला विनोदी वाटत नाही म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही, तो म्हणजे ‘सगळे’. ‘अख्खं खानदान’, ‘फुल फॅमिली’, ‘सगळे एका फ्रेममधे’. तुझे आजोबा आहेत का हे तू लिहिलं नाहीस, पण एक्क्याऐंशीच्या आजीच्या फोटोत बहुतेक कुणीतरी नसतंच, आणि कुणी दुबईत किंवा पुण्यात अडकलेलं असतं ज्याला सुट्टी मिळाली नाही. ‘सगळे’ वाचून ते फोन बाजूला ठेवतात आणि काही बोलत नाहीत. ‘जमलेली मंडळी’ म्हण, कुणाला टोचत नाही. लांब असलेल्यांसाठी वाटलं तर वेगळी ओळ टाक, ‘न आलेल्यांची जागा मागच्या रांगेत राखून ठेवली आहे, उंचीनुसार मिळेल’, ते पटकन उत्तर देतात बघ आणि संभाषणात येतात.

उखाण्याचं राहिलं. आमच्याकडे पत्र पाठवणारे खूप जण कॅप्शन म्हणून उखाणा लिहितात आणि बहुतेक वेळा तो पडतो, कारण दुसऱ्या ओळीत यमक जुळवायला काहीही कोंबलेलं असतं. उखाण्याची पहिली ओळ डोळ्यासमोरची वस्तू घेते, तबक, वाटी, निरांजन, आणि दुसरी ओळ तिथून माणसावर उडी मारते, त्यामुळे पहिली ओळ फोटोत खरंच दिसणाऱ्या गोष्टीची हवी. औक्षणाचं तबक फोटोत असेल तर असं काहीतरी,

‘तबकात लावले दिवे, तूप घातलं वाटीभर,
अठरा जणांच्या फोटोत फक्त आजीची सरळ नजर.’

पण हे तू लिहिण्यापेक्षा आत्याला लिहायला सांग ना. पदर सावरण्यावर ओळ टाकायच्या आधी तिला फोन कर, ‘आत्या, तुझ्यावर एक टाकतोय, तू माझ्या अर्ध्या फोटोवर उखाणा टाक.’ तिला आधीच माहिती असलं की ती रागवायच्या ऐवजी तयारीला लागते. विनोदात ज्याचा उल्लेख ठळक आहे त्याला ओळ आधी खाजगीत पाठवणं याला तू सेन्सॉर म्हणशील, मी म्हणते निम्मी भांडणं तिथेच संपतात. तिचं उत्तर ‘हो टाक’ आलं तर टाक. ‘बघ बाबा तुला योग्य वाटेल ते’ असं आलं तर टाकू नकोस, मराठीत त्याचा अर्थ नाही असाच होतो.

टाकताना एकच फोटो टाक. चाळीस फोटो एकदम पाठवलेस की त्यांचा एक गठ्ठा दिसतो, तुझी ओळ त्यातल्या कुठल्यातरी फोटोखाली दडते आणि लोक गठ्ठ्याला अंगठा दाखवून पुढे जातात. बाकीचे फोटो लिंकने दे. सकाळी सातआठच्या दरम्यान पण नको, फुलं आणि सुविचारांच्या पुरात वाहून जाईल, रात्री जेवणं झाल्यावर टाक. आणि टाकल्या टाकल्या फोन खिशात घालू नकोस, कारण ओळ बदलायला 15 मिनिटंच मिळतात. पहिल्या दोनतीन प्रतिक्रिया बघ, कुणीतरी कोरडं ‘छान’ टाकलं आणि ते कोरडं आहे हे तुला कळलं तर तेवढ्यात शब्द फिरव. त्यानंतर सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांच्या आसपास मुदत असते खरी, पण मागे ‘मेसेज डिलीट केला’ अशी पाटी उरते आणि मग न वाचलेले पण विचारायला लागतात काय होतं काय होतं, त्यामुळे ते अगदीच गळ्याशी आलं तर.

आता काकू. परस्पर ॲड करू नकोस. त्या उठून गेल्यात, त्यांना हाताला धरून परत आणून बसवलं तर ग्रुपवर तू काकूंना ॲड केलंस अशी ओळ सगळ्यांना दिसणार, मग कुणीतरी उत्साही भाचा ‘वेलकम बॅक काकू’ टाकणार आणि जुना विषय परत वर. फोन कर. मेसेज नाही, फोन. ‘काकू, साखरपुड्याच्या फोटोखाली मी जे लिहिलं ते चुकलं माझं, तुमच्या घरच्या कार्यात तसं लिहायला नको होतं.’ इथे थांब. ‘मस्करीत लिहिलं होतं’, ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’, ‘बाकी सगळे तर हसले’, यातलं एक जरी वाक्य जोडलंस तर ते माफीतून सरळ भांडणात जाईल, कारण तिन्हीचा अर्थ तुमचंच चुकलं असा होतो. त्या काही बोलल्या तर ऐकून घे. आईला मधे घालू नकोस, मग ते दोन जावांचं होऊन बसेल आणि तुझ्या हातातून जाईल.

जुना साखरपुड्याचा फोटो ग्रुपवर अजून त्या ओळीसकट पडलेला असेल. सगळ्यांसाठी डिलीट करायची तुझी मुदत गेलीये, त्यामुळे तोच फोटो ओळीशिवाय काकूंना वेगळा पाठव, लग्नाच्या अल्बमला, स्टेटसला त्यांना तो लागेलच आणि आत्ता त्यांच्याकडे बहुतेक तुझ्या विम्यासकटच आहे. रविवारच्या फोटोंतला त्यांचा एखादा चांगला आलेला पण पाठव, खाली काहीही न लिहिता. ग्रुपचा विषय त्यांनी काढला तर लिंक दे, नाही काढला तर तू काढू नकोस, लग्नाच्या तयारीला त्यांना ग्रुप लागणारच आहे, हळदीचा टेंपो कुणी सांगायचा यावरून त्या स्वतः येतील.